६०६१ चे ब्रॅकेट भट्टीत ३६ तास राहिले, हार्डनेस ९५ हवा होता ७८ आलाय, परत वाढवता येईल का? (मदत हवी आहे)

तन्मय_भोसरी
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचे १२ एमएम जाडीचे ब्रॅकेट आहेत, १४० नग, मशीनिंग सगळं झालेलं. आमची नेहमीची पद्धत म्हणजे ५३० डिग्रीला सोल्युशन ट्रीटमेंट, लगेच पाण्यात क्वेंच आणि मग १७५ ला ८ तास एजिंग. शनिवारी संध्याकाळी ७ ला एजिंगला लावले आणि टायमर लावायचा राहून गेला, सोमवारी सकाळी ७ ला येऊन बघतो तर भट्टी चालूच, डिस्प्लेवर १७५ व्यवस्थित दिसतंय. हार्डनेस घेतला तर ७६ ते ७९ बीएचएन. ड्रॉइंगवर टी६ लिहिलंय, म्हणजे ९५ च्या आसपास पाहिजे. आता हेच नग परत १७५ ला बरोब्बर ८ तास ठेवले तर चढेल का? आणि मुळात जी उष्णता देऊन कडक होतं तीच जास्त दिली की मऊ का पडतं, हे मला कुणीतरी नीट सांगा, कारण स्टीलच्या टेम्परिंगसारखं डोक्यात घेतलं की इथे सगळं उलटं वाटतं.

फोर्जवाला
जास्त वेळ तापलं की ग्रेन वाढतात, ग्रेन मोठे झाले की मटेरियल मऊ. साधी गोष्ट आहे. परत नॉर्मलाइज करून घ्या.

धातुवेडा
फोर्जवाला दादा, काहीतरी वाढलं हे बरोबर, पण ग्रेन नाही. या तापमानाला टी६ ६०६१ चे ग्रेन जागचे हलत नाहीत. आणि नॉर्मलाइज हा स्टीलचा उपाय, इथे तो लागू नाही.

वाढतात ते मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे आतले बारीक कण. तन्मय, तू ५३० ला नेतोस तेव्हा हे दोन्ही अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतात, पाण्यात टाकलं की बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तिथेच अडकून राहतात. मग १७५ ला ते हळूहळू एकत्र येऊन सुईसारखे कण तयार करतात, जाडी काही नॅनोमीटर फक्त. सुई एवढी बारीक की तिच्या अणूंच्या रांगा आजूबाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रांगांशी जुळून असतात आणि त्यामुळे भोवतीची जाळी ताणली जाते. धातू वाकतो म्हणजे आतून डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधली चुकलेली रेघ, सरकतं. त्याला या कोट्यवधी सुया एकेक कापत जायला लागतात, म्हणून कडकपणा.

आता मऊ का पडतं. कण वाढायला बाहेरून नवा माल येत नाही, विरघळलेलं होतं ते बहुतेक संपलेलं असतं. त्यामुळे मोठे कण लहान कणांना खाऊन वाढतात. हिशोब करून बघ, एकूण माल तेवढाच ठेवून कणाची त्रिज्या दुप्पट झाली तर कणांची संख्या आठव्या भागावर येते आणि दोन कणांमधलं अंतर साधारण दुप्पट होतं. मोठा कण कापता येत नाही हे खरं, पण आता मधे एवढी मोकळी जागा असते की डिसलोकेशन दोन कणांमधून फुगून पलीकडे निघून जातं, कणाभोवती फक्त एक वेटोळं मागे ठेवतं. त्याला लागणारा जोर अंतराच्या उलट चालतो, अंतर वाढलं की जोर कमी. कण लहान असताना कापणं सोपं, मोठे झाल्यावर वळसा घालणं सोपं, आणि जिथे दोन्ही सारखंच अवघड तिथे तुझा ९५ मिळतो.

म्हणून परत १७५ ला ठेवून उपयोग नाही. कण अजून मोठे होतील.

पण एक गोष्ट मला खटकतेय. १७५ ला ३६ तासांत ६०६१ एवढं पडत नाही, या तापमानाला हार्डनेसचा माथा बराच रुंद असतो, ३६ तासांनी चार-पाच पॉइंट खाली आला असता तर मानलं असतं. ७८ म्हणजे भट्टी आतून दोनशेच्या वर असणार. मागच्या लॉटचे आकडे बघ.

सायकलस्वार_नाशिक
माझी ६०६१ ची सायकल फ्रेम वेल्डिंगच्या बाजूला तडकली होती, वेल्डरने परत मारून दिली, सहा महिन्यांत तिथेच शेजारी वाकली. हे पण तेच का? मला पण फ्रेम भट्टीत घालावी लागेल का?

धातुवेडा
कारण त्याच जातीचं आहे. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात कण काही जागी मोठे होतात, काही जागी विरघळतात, म्हणून ताकद वेल्डपेक्षा बाजूलाच जास्त जाते. फ्रेमसाठी मात्र वेगळा धागा काढा, अख्खी फ्रेम क्वेंच करताना वाकडी होते आणि तिथे जिवाचा प्रश्न आहे.

प्राची_क्यूए
तन्मय, ओव्हरएज म्हणून शिक्का मारायच्या आधी खात्री करून घे, क्वेंच हळू झाला असेल तरी हार्डनेस कमी येतो आणि दोन्ही वेळेला कंडक्टिव्हिटी मीटरवर आकडा वरच जातो, त्यामुळे नुसत्या मीटरवर जाऊ नको. या लॉटचा क्वेंच केलेला पण एजिंग न केलेला नग आहे का एखादा? तो वेगळ्या ओव्हनमध्ये खऱ्या १७५ ला ८ तास ठेव. चढला तर क्वेंच ठीक होता. आणि खराब नगांतला एक परत ४ तास तापव. वाढला तर अंडरएज, उतरला तर ओव्हरएज.

तन्मय_भोसरी
ताई, धातुवेडा सर, दोघांचं ऐकून काल सगळं केलं. एक नग क्वेंचनंतर मापायला बाजूला काढलेला होता, तो मित्राच्या ओव्हनमध्ये ८ तास ठेवला, ९३ आला. खराब नग २०० ला ४ तास अजून दिला तर ७८ चा ७५ झाला. मागच्या लॉटचे आकडे काढले तर आधी ९६, मग ९२, मग ८९, मी पास होतंय म्हणून बघितलंच नव्हतं. आणि दुसरा थर्मोकपल मालाच्या मधोमध ठेवून भट्टी चालवली तर डिस्प्लेवर १७५ असताना आत २०८. जुना थर्मोकपल सरकून भिंतीच्या इन्सुलेशनमध्ये गेला होता. म्हणजे किती महिने मी २०८ ला एजिंग करत होतो देव जाणे, ८ तासांत थोडंच पडत होतं म्हणून कळलं नाही.

विमानवाला
थोडं वेगळं सांगतो. ओव्हरएजिंग दर वेळी चूकच असते असं नाही. ७०७५ चं टी७३ मुद्दाम ओव्हरएज करतात, टी६ पेक्षा दहा-पंधरा टक्के ताकद सोडून देतात, कारण ताणाखाली गंजून चिरा जाण्याचा त्रास खूप कमी होतो. तुमच्या ब्रॅकेटवर लोड कमी असेल तर कस्टमरला खरे आकडे दाखवून विचारून बघा.

प्राची_क्यूए
७०७५ ला ते कारण आहे, ६०६१ ला तो फायदा सांगून नग पास करायला जाऊ नका. विचारायचंच तर सरळ डेव्हिएशन मागा, आकडा ७८ च लिहा.

तन्मय_भोसरी
कस्टमर नाही म्हणाला. मग ५ नग परत ५३० ला एक तास, पाण्यात क्वेंच, दुरुस्त भट्टीत १७५ ला ८ तास. हार्डनेस ९४, ९५, ९५, ९३, ९५. जीवात जीव आला. पण ३२ एमएमचा बोअर आहे, तो पाचपैकी दोघांत ०.०४ ओव्हल झालाय आणि मला ०.०२ च्या आत पाहिजे. पाण्याऐवजी पॉलिमर क्वेंच घेतलं तर कमी वाकेल असं एकजण म्हणाला.

धातुवेडा
कमी वाकेल, पण १२ एमएमला थंड होण्याचा वेग पुरेसा राहतो का हे तुझ्या टाकीवर आणि पॉलिमरच्या प्रमाणावर आहे, मी इथून सांगू शकत नाही. आधी दोन नग टाकून बघ, ९० च्या खाली गेले तर पाण्यावरच राहा. नग टाकीत आडवे जातात का उभे?

तन्मय_भोसरी
जाळीत आडवे. उद्या उभे लटकवून बघतो, इथेच कळवतो.