मदत हवी आहे: 2021-22 ची जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली, सुनावणीची तारीख उत्तराच्या मुदतीच्या आधीची

सांगलीकर_पाईपवाला
नमस्कार मंडळी. वडील आणि मी मिळून पाईप, फिटिंगचं घाऊक दुकान चालवतो. 24 सप्टेंबर 2025 च्या तारखेची कलम 73 ची नोटीस आली आहे, डीआरसी-01 सकट. म्हणणं एवढंच की 2021-22 मध्ये आमच्या 3बी विवरणात घेतलेली आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणाऱ्या 2ए मध्ये दिसणाऱ्या आयटीसीपेक्षा 2,36,000 रुपयांनी जास्त आहे. तो कर, व्याज आणि दंड का वसूल करू नये, असं विचारलंय. उत्तराची मुदत 24 ऑक्टोबर. पण सुनावणी 17 ऑक्टोबरलाच ठेवली आहे! वडिलांची झोप उडालीय. सगळी बिलं आमच्याकडे आहेत, पैसे बँकेतून दिलेत. सगळ्या बिलांच्या झेरॉक्स लावून दिल्या तर काम होईल का?

मनोज_इचलकरंजी
घाबरू नका. व्याज आणि दंड माफीची योजना आहे, फक्त कर भरा, विषय संपला. माझ्या मेहुण्यांनी तसंच केलं.

करसल्लागार_काका
मनोजराव, ती योजना कलम 128ए ची. ती 2017-18 ते 2019-20 याच वर्षांना होती आणि कर भरायची मुदत 31 मार्च 2025 ला संपली. यांचं वर्ष 2021-22 आहे, त्यामुळे यांना उपयोग नाही.

सांगलीकर, नुसत्या झेरॉक्स देऊ नका. अधिकाऱ्याने दोन आकडे समोरासमोर ठेवून वजाबाकी केलीय. तो फरक कशाकशाचा, हे तुम्ही फोडून दाखवलं पाहिजे. 2ए ची एक्सेल उतरवा, खरेदीच्या वहीशी बिलागणिक जुळवा आणि न जुळलेल्या प्रत्येक बिलासमोर कारण लिहा. मग इथे सांगा.

सांगलीकर_पाईपवाला
काका, काल रात्री बसून जुळवलं. तीन ढीग निघाले.
मार्च 2021 ची बिलं, जी आम्ही एप्रिल 2021 च्या 3बी मध्ये धरली: 1,18,000.
एका पुरवठादाराने एप्रिल ते नोव्हेंबर 2021 ची आमची बिलं बी2सी मध्ये, म्हणजे नोंदणी नसलेल्या ग्राहकांची विक्री म्हणून दाखवली, दर महिन्याला 8,000 प्रमाणे: 64,000.
फेब्रुवारी 2022 चं एक बिल, त्या माणसाने विवरणच भरलं नाही, आता फोनही उचलत नाही: 54,000.

करसल्लागार_काका
आता उत्तर लिहिता येईल. तिन्ही ढिगांना वेगळी उत्तरं आहेत, एकच मुद्दा सगळ्यांना लावू नका.

पहिला ढीग हा नुसता वर्ष बदलल्याचा फरक आहे. ती बिलं 2020-21 च्या 2ए मध्ये दिसत असणार. तो 2ए लावा आणि तक्ता करा: बिल क्रमांक, तारीख, पुरवठादाराचा जीएसटीआयएन, 2ए चा महिना, आपण धरलेला 3बी चा महिना. मार्च 2021 च्या 3बी मध्ये हीच बिलं धरली नव्हती, हे त्या महिन्याच्या खरेदी नोंदीवरून दाखवा. दुबार धरली का, हा पहिला प्रश्न येतो. वर्षाचं दुसरं टोकही तपासा. मार्च 2022 ची बिलं एप्रिल 2022 मध्ये धरली असतील, तर ती 2021-22 च्या 2ए मध्ये बसलीत आणि खरा फरक वाढतो. नोटिशीतल्या रकमेपेक्षा किंवा कारणापलीकडे जाऊन आदेश देता येत नाही, पण समोरून प्रश्न आला तर अडखळू नका.

दुसऱ्या ढिगाला परिपत्रक 193, 17 जुलै 2023 चं. त्यात अशा चुकीला पुरवठादाराचं प्रमाणपत्र चालतं, कारण एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक 5 लाखांच्या आत आहे. त्यावर गेला असता तर सीएचं लागलं असतं. पण लोक एक अट विसरतात. 2021 च्या महिन्यांत नियम 36(4) प्रमाणे 2ए मध्ये दिसणाऱ्या पात्र क्रेडिटच्या वर 5 टक्केच घेता येत होते. प्रमाणपत्र त्या मर्यादेतच वाचवतं. तुमचं महिन्याचं क्रेडिट किती?

सांगलीकर_पाईपवाला
सरासरी 3 लाख. पण जून 2021 मध्ये लॉकडाऊनमुळे 1,20,000 च होतं.

करसल्लागार_काका
3 लाखांचे 5 टक्के म्हणजे 15,000, त्यात 8,000 बसतात. जूनचे 6,000 च होतात. मात्र एप्रिल ते जून 2021 ची मर्यादा एकत्र मोजायची सवलत होती, तिघांची बेरीज करून बघा, बसेल असं वाटतं.

तिसरा ढीग अवघड. 1 जानेवारी 2022 पासून कलम 16(2)(एए) आलं, पुरवठादाराने बिल दाखवलं नाही तर क्रेडिट नाही. परिपत्रक 31 डिसेंबर 2021 ला थांबतं. माझं मत, हे 54,000 डीआरसी-03 या भरणा फॉर्मने भरून टाका. व्याज 18 टक्क्यांनी, मार्च 2022 पासून साधारण 3 वर्षं 7 महिन्यांचं, 34,830 च्या आसपास. पण आधी क्रेडिट लेजर बघा. क्रेडिट चुकीचं घेतलं आणि वापरलंही, तरच व्याज लागतं. फेब्रुवारी 2022 पासून शिल्लक कधीही 54,000 च्या खाली गेली नसेल तर व्याज नाही म्हणून भांडता येतं. लेजरचा उतारा जोडा.

वैशाली_नाशिक
मलाही विचारायचंय. आम्ही एएसएमटी-10 या विवरण छाननीच्या नोटिशीला उत्तर दिलं होतं, तरी आता थेट डीआरसी-07 आदेश आलाय. मधली नोटीस कधी पाहिलीच नाही, ईमेलही नाही. काय करू?

करसल्लागार_काका
ताई, एएसएमटी-10 चं उत्तर वेगळं, नोटिशीचं वेगळं. पोर्टलवर Services, मग User Services मध्ये नोटिसा आणि आदेशांची यादी असते, तिथे पडली असेल. आदेशापासून 3 महिन्यांत अपील करता येतं, पुढचा 1 महिना कारण पटलं तरच. वादातल्या कराच्या 10 टक्के आधी भरावे लागतात. आदेशाची तारीख आजच बघा आणि वेगळा धागा काढा.

ॲड. पराग_पुणे
सुनावणीबद्दल मी बोलतो. 17 ऑक्टोबरला गैरहजर राहू नका, आणि अर्धवट उत्तर घेऊनही जाऊ नका. आजच लेखी अर्ज द्या की उत्तराची मुदत 24 पर्यंत आहे, म्हणून सुनावणी त्यानंतर ठेवावी. पुरेसं कारण दाखवलं तर तारीख वाढवून मिळते, तीनदापर्यंत. पोच जपून ठेवा. अर्ज मंजूर झाल्याचं कळलं नाही तर 17 ला जाऊन हेच सांगा आणि नोंदवून घ्या.

उत्तराचा डीआरसी-06 फॉर्म भरताना वैयक्तिक सुनावणी हवी का, तिथे 'होय' निवडा. सुनावणीला जे बोलाल ते लेखी निवेदन म्हणूनही द्या, आदेश कागदावरून लिहिला जातो. आणि फक्त बिल आणि बँकेचा उतारा पुरेसा समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कर्नाटकच्या व्हॅट प्रकरणात माल खरोखर आल्याचा पुरावा खरेदीदाराकडूनच मागितला होता. ई-वे बिल, वाहतूक पावती, गोदामाची आवक नोंद जोडा.

सांगलीकर_पाईपवाला
खूप आभार दोघांचेही. एक अडलंय. 54,000 चा कर आणि व्याज 30 दिवसांत भरलं तर त्यावरचा दंड सुटेल का?

करसल्लागार_काका
कलम 73(8) म्हणतं की नोटिशीनंतर 30 दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड नाही. नोटीस तीन ढिगांची आणि तुम्ही एकाचंच भरताय, म्हणून अधिकारी अडून बसू शकतो. दंड 10 टक्के किंवा 10,000, जो जास्त तो. 54,000 चे निम्मे केले तरी 10 टक्के 2,700 च होतात, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून 20,000. उत्तरात भागशः भरणा मान्य करून त्यापुरता दंड लावू नये, अशी स्पष्ट मागणी लिहा.

ॲड. पराग_पुणे
इथे माझं थोडं वेगळं मत. भागशः भरल्याने तेवढी बाब संपते असं मी मांडतो, काही अधिकारी मान्य करतात, काही नाही. दोन्ही अंगांनी लिहून ठेवा. आणि 2021-22 चा आदेश 31 डिसेंबर 2025 च्या आत द्यायचा आहे, म्हणजे अधिकाऱ्यालाही घाई आहे. 24 च्या आत उत्तर चढवा.

सांगलीकर_पाईपवाला
पुरवठादाराच्या प्रमाणपत्रासाठी त्यांच्याकडे निघालोय. त्यांची बिलं छापील यादी करून नेतोय, सहीसाठी. क्रेडिट लेजर उतरवायला बहिणीला सांगितलंय, शिल्लक आली की टाकतो.