‘सहाव्या वर्षात पदार्पण’ म्हणजे कितवा वाढदिवस?

मृद्गंधा
मुलाला येत्या रविवारी पाच पूर्ण होतील. नातेवाइकांसाठीची पत्रिका सासऱ्यांनी हौसेने स्वतः लिहिली, ती अशी: ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. अमुक सहाव्या वर्षात पदार्पण करीत आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.’ त्याच्या वर्गात तमिळ, बंगाली, गुजराती अशी सगळी मुलं आहेत म्हणून त्यांच्या आईबाबांसाठी नवऱ्याने यावरूनच इंग्रजी केली आणि त्यात बिनधास्त ‘सिक्स्थ बर्थडे’ लिहून ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत एका आईचा मेसेज, तुमचा मुलगा वर्गात एका वर्षाने मोठा आहे का, खेळणं सहाच्या हिशोबाने घेऊ का? केकवाल्याकडेही ६ ची मेणबत्ती सांगून झालेली. सासरे म्हणतात माझं मराठी बरोबर आहे, नवरा म्हणतो मी फक्त भाषांतर केलं. मग चुकलं कोण? आणि ‘अगत्य’ला इंग्रजीत काय लिहू?

खडूस_मास्तर
सासरे बरोबर, यजमान चूक. पाच पूर्ण झाली की सहावं लागतं, आपल्याकडे बोलतातच की ‘पाच सरून सहावं लागलं’. पण लागलेलं वर्ष आणि झालेला वाढदिवस यांत एकाचा फरक राहतो. मूल २०२० साली जन्मलं तर पहिला वाढदिवस २०२१ ला, त्या दिवशी त्याला दुसरं लागतं. असं करत २०२५ ला पाचवा वाढदिवस आणि सहाव्यात पदार्पण, दोन्ही एकाच दिवशी. इंग्रजीत सरळ ‘टर्निंग फाइव्ह’ लिहा, तिथे गोंधळाला जागाच नाही.

डोंबिवलीकर७४
‘इन हिज सिक्स्थ इयर’ पण चालेल की मास्तर, शब्दाला शब्द.

खडूस_मास्तर
व्याकरणाने चालेल. पण घाईत मेसेज वाचणारी आई त्यातला फक्त ‘सिक्स्थ’ उचलणार आणि सहाचंच खेळणं घेऊन येणार.

शब्दवेडी
मला हा हिशोबच पटत नाही. माणूस जन्मतो तो पहिला दिवस, मग वर्षाने येतो तो दुसरा जन्मदिवस नाही का? स्वातंत्र्यदिन बघा, १५ ऑगस्ट २०२२ ला ७५ वर्षं झाली पण दिन ७६ वा होता. शिवराज्याभिषेक १६७४ चा, ३५० वा राज्याभिषेक दिन सरकारने २०२३ मध्ये केला, तेव्हा वर्षं ३४९ च भरली होती. मग पाच वर्षाच्या पोराचा सहावा का नको? यजमानांवर उगाच खापर फोडताय.

खडूस_मास्तर
उदाहरणं बिनचूक, निष्कर्ष चुकला. तिथे पहिला सोहळा म्हणजे ती घटनाच, ती धरून मोजतात. आपण मात्र ‘वाढदिवस’ म्हणतो. जन्माच्या दिवशी वाढ कुठे झालेली असते? वर्षभराची वाढ झाली की पहिला. जन्मदिवसाचं भूत हिंदीतून आलंय, ते आलं की हे असले घोळ होतात.

शब्दवेडी
आलं हिंदीवर! जन्म आणि दिवस दोन्ही मराठीत आहेतच, हिंदीवाले तर जन्मदिन म्हणतात. आणि ‘लग्नाचा वाढदिवस’ म्हणता तिथे काय वाढतं, वजन?

परसबाग
आमची आजी वर्षगाठ म्हणायची. दरवर्षी एका दोऱ्याला एक गाठ मारायची, म्हणून वर्षगाठ, असं तिचं म्हणणं. उर्दूत सालगिरह, त्यातला गिरह म्हणजे गाठच. आता जन्माच्या दिवशी एक गाठ मारायची की नाही यावर शब्दवेडींचा प्रश्न अडतो, पण आजी आता नाही, विचारणार कोणाला.

सुलभा_आजी
अहो मुंजीचं पण असंच होतं. आठव्या वर्षी मुंज म्हणतात ते गर्भापासून धरून, म्हणजे मूल जेमतेम सव्वासहा ते सव्वासात वर्षांचं. आमच्या थोरल्याच्या वेळी दोन्ही घरचे गुरुजी वेगवेगळं मोजत बसले होते, शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत हॉल मिळाला तेव्हा केली. मृद्गंधा, तू पाच दिव्यांनी ओवाळ. आमच्याकडे एक जास्तीचा लावतात, वाढीचा म्हणून.

डोंबिवलीकर७४
आजी, म्हणजे सहा दिवे. सासरे जिंकले.

कोकणी_माणूस
शाळेच्या फॉर्मवर पूर्ण झालेली वर्षं लिहायची असतात. आम्ही मुलीचं चालू वर्ष लिहून ठेवलं आणि परत फॉर्म भरायला लागला. फॉर्म नीट वाचा, एवढंच.

मृद्गंधा
काका, शाळेत ॲडमिशन झालेली आहे हो, पत्रिकेचा प्रश्न आहे. बरं, पाच तर पाच. ‘अगत्य’चं सांगा कोणीतरी, नवऱ्याने ‘मस्ट कम’ लिहिलंय आणि मला ते धमकी दिल्यासारखं वाटतंय.

परसबाग
अगत्य म्हणजे मुळात गरज, निकड. संस्कृतमधल्या ‘अगत्या’वरून, म्हणजे दुसरा मार्ग नाही म्हणून. तेव्हा ‘मस्ट’ मुळाच्या जवळच जातं, हसू नका. पण आता त्यात आपुलकी भरलीय, ‘त्यांनी अगत्याने विचारपूस केली’ म्हणतो तेव्हा निकड कुठे असते? इंग्रजीत ‘वी’ड लव्ह टु सी यू’ लिही. भाव तोच, शब्द कुठलाच नाही.

खडूस_मास्तर
हे मान्य.

शब्दवेडी
मास्तरांना काहीतरी मान्य झालं, तारीख लिहून ठेवा.

नवखा_लेखक
चि. चं काय करणार? आमच्या ओळखीत एकांनी ‘मास्टर’ लिहिलं तर पाहुण्यांच्या मुलाने येऊन विचारलं, कराटेमध्ये का? मला वाटतं नुसतं नाव पुरे.

डोंबिवलीकर७४
खरी गोम कोणी पाहिलीच नाही. ‘सहकुटुंब सहपरिवार’. जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणायचे ना. म्हणून सहकुटुंब म्हणजे सपत्नीक आणि सहपरिवार म्हणजे बाकी गोतावळा. नाहीतर एकच गोष्ट दोनदा कशाला लिहितील? यजमानांनी याचं काय केलंय ते बघा आधी.

मृद्गंधा
आत्ता बघितलं. ‘विथ फॅमिली अँड फॅमिली’ लिहिलंय. खरंच.

सुलभा_आजी
अगं मग जेवणाचं काय?

मृद्गंधा
तेच आजी. मी वर्गातल्या बावीस मुलांचं धरलं होतं, फार तर सोबत एक आई किंवा बाबा, म्हणजे चव्वेचाळीस. त्या मेसेजनंतर तिघांनी विचारलंय धाकट्या भावंडांना आणू का, एकीने तर सासूसासरेपण येतील म्हटलंय, आणि नाही तरी कसं म्हणणार, पत्रिकेत दोनदा फॅमिली म्हणून आम्हीच लिहिलंय. मेणबत्ती बदलून घेतली, ‘टर्निंग फाइव्ह’ची नवीन पत्रिका रात्री टाकते. आता त्यात ‘मुलासोबत एक मोठं माणूस’ हे इंग्रजीत कोणाला न दुखावता कसं लिहू ते सांगा.

कोकणी_माणूस
सोलकढी ठेवा, पाणी घालून वाढवता येते.

शब्दवेडी
वाढवता येते म्हणजे वाढदिवसाची वाढ की वाढपाची?