निवटी खोडली तर
"मुलीने काढलेल्या खाडीच्या अन्नजाळ्याच्या चित्रातून निवटी ही मासळी खोडली, तर फक्त बगळेच उपाशी राहतील ना?"

नाही ताई. निवटी चिखलावरचं शेवाळ खरवडून खाते आणि बगळा निवटीला. ढोबळमानाने प्रत्येक पायरीवर दहावा हिस्साच पुढे जातो, बाकी ऊर्जा श्वसनात, हालचालीत, विष्ठेत संपते. शेवाळातल्या १००० कॅलरींतून निवटीच्या अंगी १०० लागतात, बगळ्याच्या १०. (छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, शेवाळ थेट गाळून खातात, म्हणून तर शिवडीला हजारोंनी पोसले जातात!) निवटी गेली की बगळा खेकडे-कोळंबीवर तुटून पडेल, तेही घटतील. उलट शेवाळ वाढून चिखलातल्या गोगलगायींचं फावेल. बाणांची टोकं खाणाऱ्याकडे आहेत ना, बघा. आमच्या पोराने सगळी उलटी काढली होती.