मदत हवी आहे: डेटा प्रोटेक्शनचा टेक-होम, ८०० शब्दांत कसं बसवू?

सायबर लॉचा टेक-होम पेपर आलाय, लिमिट ८०० शब्द आणि तळटीपापण त्यातच मोजणार म्हणे. सिनारिओ असा की पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट तिच्या क्लाउड वेंडरकडून लीक झाले आणि लॅब म्हणते चूक वेंडरची. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याचं कलम ८(१) बघितलं तर करारात काहीही लिहा, जबाबदारी लॅबचीच, सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारजमा, पेशंटला छदाम नाही! भरपाई मागायची तर आयटी अ‍ॅक्टचं जुनं ४३अ, जे नवा कायदा काढूनच टाकतोय. मग प्रायव्हसीला मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल एका ओळीत उरकून शब्द ४३अ वर घालवू का? आणि तळटीपेत नुसता कलम नंबर चालतो की पूर्ण सायटेशनच लागतं?