‘आज विमा भरलाय ना?’ – गाडी आणि स्वयंपाकावरून होणाऱ्या थट्टेचे तुमचे अनुभव सांगा

माहेर चिपळूण

मी 2014 साली चारचाकीचं लायसन्स काढलं. सासर कराडचं, त्यामुळे कुंभार्ली घाट आमचा नेहमीचा. पहिल्या दोन वर्षांत तो मी चार-पाच वेळा स्वतः गाडी चालवत पार केला. मग हळूहळू चालवणं सुटलं. का सुटलं, ते गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमची मंडळी मनाने वाईट नाहीत. पण मी किल्ली उचलली की थोरले दीर म्हणायचे, “आज विमा भरलाय ना?” चुलत सासरे पोरांना सांगायचे, “बाजूला व्हा रे, काकू निघाल्या.” सगळे हसायचे, मीही हसायचे. गाडी मागे घेताना अंगणात चार पुरुष उभे. एक डावीकडे वळव म्हणायचा, दुसरा उजवीकडे. दिरांनी स्वतः गाडी मागे घेताना तुळशीवृंदावन घासलं होतं, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. नको ती कटकट, म्हणून मी किल्ली यांच्या हातात देऊ लागले.

गेल्या जुलैत चिपळूणहून परतताना घाटात यांना मुतखड्याची कळ आली. दरदरून घाम, उलटी, बसवेना. रात्रीचे साडेनऊ, पाऊस, धुकं, मागे दोन मुलं. मी स्टिअरिंगवर बसले. सीट यांच्या उंचीला लावलेली, क्लच पुरता दाबला जाईना. चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मागे सरकली. मागून ट्रक हॉर्न देत होता आणि माझ्या कानात दिरांचं वाक्य वाजत होतं. शेवटी हेच उठले, दात आवळून पाऊण तास गाडी चालवली. मी शेजारी बसून होते, पर्समध्ये लायसन्स घेऊन.

थट्टेने माझा सराव सुटला, सराव सुटला म्हणून गाडी बंद पडली, आणि त्यातूनच पुढच्या थट्टेला नवा किस्सा मिळाला. गणपतीत तो सांगूनही झाला. तुमच्याकडे असं काही झालंय का? गाडीवरून, स्वयंपाकावरून, बाईची असो की पुरुषाची. मनापासून लिहा.

गाडी शिकवतो, कोल्हापूर

ताई, मी 16 वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. तुमची गाडी बंद पडली त्याचं पहिलं कारण ती सीट. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणला गेला की टाच जमिनीवर टिकत नाही आणि क्लच एकदम सुटतो. सहा फुटी पुरुषाला पाच फुटी बाईसाठी लावलेल्या सीटवर बसवा, त्याची गाडीसुद्धा बंद पडेल.

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे, आणि सांगायला वाईट वाटतं. शिकवायच्या गाडीत आमच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. पुरुष शिकायला आला की मास्तर त्याची गाडी दोनदा-तीनदा बंद पडू देतो, शिव्या देतो, पण शिकवतो. बाई आली की म्हणतो, “मॅडम, तुम्ही फक्त स्टिअरिंग सांभाळा,” आणि क्लच स्वतःच दाबत राहतो. वीस दिवस संपतात, तिला वाटतं आपल्याला आलं. घरी येऊन पहिल्याच चढावर गाडी बंद, कारण इतके दिवस हाफ क्लच मास्तरच्या पायात होता. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच केलं.

शिवाय बहुतेक पोरं सोळाव्या वर्षापासून भावाची नाहीतर मामाची मोटरसायकल फिरवत असतात. क्लच कुठे धरतो हे त्यांना आधीच ठाऊक असतं, फक्त हातातलं पायात आणायचं. मुली बिनगिअरच्या स्कूटरवरून येतात. हा फरक सवयीचा आहे. गिअरची मोटरसायकल चालवलेली मुलगी आली तर ती मुलांइतक्याच दिवसांत शिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोज दहा पोळ्या

पुरुषाची बाजू मांडतो. बायको रात्रपाळीची नर्स आहे, त्यामुळे गेली सहा वर्षं घरच्या पोळ्या मी करतो. कणीक तेल घालून मळून अर्धा तास झाकून ठेवायची, पोळीला घडी घालताना आत तेलाचं बोट आणि पिठाची चिमूट, लाटताना कडेवर जोर, मध्यावर नाही. पहिले दोन महिने पोळ्या वातड व्हायच्या. मग कळलं, तवा पुरेसा तापत नव्हता आणि पोळी फार वेळ त्यावर राहून सुकत होती.

ऑफिसात डबा उघडला की, “काय, आज कुणी केल्या? आमच्या वहिनी का तुम्ही?” हे सहा वर्षं. पहिल्यांदा मी हसलो, दहाव्यांदा उत्तर दिलं, आता जेवायची जागाच बदलली. याहून जास्त लागलं ते सासूबाईंचं. जावयाने पोळ्या लाटलेल्या त्यांना बघवत नाहीत. हसत हसतच म्हणतात, “आमच्या लेकीने नशीब काढलं,” पण ते ऐकून माझी बायको उठते आणि ड्यूटीवरून आलेली असली तरी लाटणं हातात घेते. टोमणा माझ्या नावाचा, पण लागतो तिला.

शिरीषकाका

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. आमच्या घरी सगळे सगळ्यांची थट्टा करतात. बहीण गाडी चालवायला बसली की मी देवाचं नाव घेतो, ती मला “तुला चहा तरी येतो का” म्हणते. फिटंफाट! थट्टा बंद झाली तर घरं मुकी होतील. आणि खरं सांगा, आकडे बघितले तर अपघात बायकाच कमी करतात, मग आमच्या बोलण्याने त्यांचं काय बिघडतं?

लीड्स मुक्कामी

काका, आकड्यांचं अर्धंच खरं आहे. मी इथे विमा क्षेत्रात काम करते. पूर्वी ब्रिटनमध्ये तरुण मुलींना गाडीचा विमा तरुण मुलांपेक्षा स्वस्त मिळायचा, कारण मुलांचे अपघात जास्त आणि मोठे. युरोपीय न्यायालयाने 2011 साली निकाल दिला आणि डिसेंबर 2012 पासून स्त्री-पुरुष म्हणून वेगळा हप्ता लावणं बंद झालं. पण बायका एकूण गाडी कमी चालवतात, रात्री तर फारच कमी. त्यामुळे ‘अपघात कमी’ म्हणजे ‘चालवणं सरस’ असं मी म्हणणार नाही. पारडं उलटं करून हाच खेळ खेळायचा, हे मला पटत नाही.

बोलण्याने काय बिघडतं, यावर मात्र एक प्रयोग झालाय. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मुलींना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली. बायकांना गाडी नीट येत नाही या समजाची ज्यांना आधी आठवण करून दिली होती, त्यांच्याकडून अचानक आडवा येणारा माणूस उडवला जाण्याचं प्रमाण इतर मुलींच्या दुपटीहून जास्त निघालं. एका प्रयोगावर सगळं ठरवू नये. या प्रकारच्या अभ्यासांबद्दल नंतर बरेच वादही झाले. पण चिपळूणच्या ताईंच्या कानात घाटात काय वाजत होतं ते वाचून मला तोच प्रयोग आठवला.

बावन्न पूर्ण

मला विचारायचंय की या वयात शिकायला ऑटोमॅटिक गाडी घेतलेली बरी का? क्लचची भीती वाटते. यजमान म्हणतात पैसे वाया जातील.

गाडी शिकवतो, कोल्हापूर

बावन्नताई, जरूर शिका. ऑटोमॅटिकमध्ये क्लच नाही, म्हणजे चढावर बंद पडायची भीती गेली. पण गाडीची डावी बाजू कुठवर आहे याचा अंदाज आणि आरशात बघून मागे घेणं, हे दोन्ही प्रकारांत सारखंच शिकावं लागतं. त्यासाठी रोज अर्धा तास, महिनाभर. शेजारी एकच माणूस बसवा, तोही गप्प बसणारा.

आणि चिपळूणच्या ताई, चढाचा सराव असा करा. रिकामा चढ निवडा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, थोडा एक्सलेटर, क्लच सावकाश वर. इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय थांबवा, मग हँडब्रेक सोडा. गाडी मागे येत नाही. एका बैठकीत वीस वेळा करा.

सातारची धाकटी

मी सत्तावीस वर्षांची आहे. मला कोणी टोमणा मारला की मैत्रिणी लगेच सुरेखा यादवांचं नाव घेतात. त्या आमच्या सातारच्याच, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनी नेली, तीही भोर घाट उतरून. मला त्यांचा खूप अभिमान आहे. पण उत्तर म्हणून हे नाव पुढे केलं की मला गुदमरायला होतं. माझ्या भावाला गाडी लावता आली नाही तर तो एकटा चुकतो. मला आली नाही तर सगळ्या बायका चुकतात, आणि ते खोडायला एकदम वंदे भारत आणावी लागते. मला साधी चूक करायची मुभा हवी आहे, त्याच्यासारखीच.

आमच्या ऑफिसच्या सहलीला दोन गाड्या होत्या. जाताना मिसळून बसलो होतो. वाटेत हेच विनोद सुरू झाले, मग मुलींनी उलट सुरू केले, “तुम्हाला तर कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.” त्यातला एकजण वडील गेल्यापासून घरी आईसाठी रोज स्वयंपाक करतो. तो काही बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. परतीच्या वाटेवर एका गाडीत सगळी मुलं, दुसरीत सगळ्या मुली.

माहेर चिपळूण

कोल्हापूरचे दादा, सीटचं वाचून मी उठून गाडीत जाऊन बसले. तीन खाच पुढे घ्यावी लागली. इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. रविवारी सकाळी आगाशिवच्या बाजूला रिकामा चढ बघून जाणार आहे. हे येणार आहेत, पण मागच्या सीटवर बसतील.

शिरीषकाका, फिटंफाट म्हणालात. तुमची बहीण अजून गाडी चालवते का?

शिरीषकाका

नाही चालवत. चार-पाच वर्षं झाली असतील. मला वाटायचं तिलाच आवड नाही. काल रात्री फोन करून विचारलं, तू गाडी का सोडलीस? थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आता कशाला विचारतोस,” आणि भाचीच्या परीक्षेचं सांगायला लागली.

मी चहा मात्र अजूनही शिकलेलो नाही, तेही खरं.