मदत हवी आहे: चेकवरचे शब्द आणि आकडे कसे ताडून पाहता?

आमच्या सोसायटीच्या कंत्राटदाराला मोठ्या रकमेचे चेक जातात आणि सही करण्याआधी रक्कम तपासायचं काम माझ्याकडे आहे. काल आलेल्या चेकवर आकड्यात १,०५,०७,०५० होते, अक्षरी मात्र ‘एक कोटी पाच लाख सातशे पन्नास फक्त’. वाचताना कान फसतो, कारण सात आणि पन्नास दोन्हीकडे आहेत.

मी अक्षरी रकमेवरून आकडा पुन्हा मांडते, मूळ आकडा झाकून. कोटी १, लाख ०५, हजाराचा शब्दच नाही म्हणून ००, शेवटी ७५०. म्हणजे १,०५,००,७५०. फरक ६,३०० रुपयांचा. जिथे शब्द गायब, तिथे शून्यं भरायची, हे महत्त्वाचं.

कायद्यानं अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात हे माहीत आहे (परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १८), पण बँक तफावत दिसली की चेक परत करते. खाडाखोडही चालत नाही, म्हणून नवा चेक लिहायला सांगितला.

हिशेब पाहणाऱ्यांनो, एका बैठकीत वीसेक चेक असतील तर तुम्ही हे कसं करता? एक्सेलमध्ये आकड्यावरून लाख-कोटीत अक्षरी रक्कम काढणारं खात्रीचं सूत्र कुणाकडे आहे का? मधल्या शून्यांवर तपासलेलं असेल तर फार बरं.