जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो: टेसरॅक्ट की चित्र वाचणारे भाषामॉडेल?

पानाड्या: १९३०च्या सुमारास छापलेल्या एका मराठी पुस्तकाची पाने मोबाइलवर टिपली आहेत. मजकूर मूळ शुद्धलेखनासह हवा आहे. टेसरॅक्ट हे छापील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे की चित्रही वाचणारे सर्वसाधारण भाषामॉडेल?

शिरोरेखा: निःसंशय भाषामॉडेल. पुस्तक पूर्ण उघडत नसल्यामुळे शिवणीकडे ओळी वाकतात, तिथे बोटाची किंवा मोबाइलची सावलीही पडते, आणि टेसरॅक्ट अशा ठिकाणी एका ओळीचे शेपूट दुसरीला जोडते. मॉडेल तेच पान सलग वाचून दाखवते.

जुळारी: सलग वाचते, यातच खरी अडचण आहे. त्या काळच्या छपाईत ‘त्यानें पत्र वाचलें’ असे असेल, तर मॉडेल बहुधा ‘त्याने पत्र वाचले’ असे लिहून मोकळे होते, कारण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतरचे, उच्चार नसलेले अनुस्वार गाळणारे लेखनच त्याच्या सरावाचे आहे. वाक्य निर्दोष दिसते, म्हणून फोटो शेजारी ठेवल्याशिवाय बदल लक्षातच येत नाही. पुसट ओळीच्या जागी संदर्भाला शोभेल असा नवा मजकूरही ते बेमालूम बसवते. टेसरॅक्ट चुकले की अक्षरांचा खिचडा होतो, तो निदान डोळ्यांना खुपतो.

गणपुले: आमच्या दुकानाची जुनी हस्तलिखित वही मॉडेलने छान वाचली, फक्त रकमांत १ आणि ९ यांची अदलाबदल केली. टेसरॅक्टला एक ओळही जमली नाही.

जुळारी: हस्ताक्षरासाठी ते घडवलेलेच नाही. इथे प्रश्न छापील पानांचा आहे.

साधासरळ: टेसरॅक्ट केवळ आकार ओळखते, भाषेशी त्याचा संबंध नाही; त्यामुळे ते अनुस्वार गाळणारच नाही.

जुळारी: हे अर्धेच खरे आहे. चौथ्या आवृत्तीपासून ते संपूर्ण ओळ न्यूरल जाळ्यातून वाचते आणि सोबत शब्दसूचीचाही आधार घेते, त्यामुळे अनपेक्षित अनुस्वार त्याच्याकडूनही निसटतो. फरक इतकाच की प्रत्येक शब्दाची पानावरील जागा आणि खात्रीचा आकडा ते हाती देते. आधी फोटोतील पान सरळ करून फोटोच्या कडा छाटाव्यात आणि मग ही आज्ञा चालवावी:

```
tesseract pan.png pan -l mar --psm 6 tsv
```

`pan.tsv` मधील `conf` या रकान्यात ज्या शब्दांचा आकडा कमी आहे, ते आधी फोटोत पाहावेत. मात्र मोठा आकडा म्हणजे अचूकतेची हमी नव्हे, आणि ‘वाचलें’चे ‘वाचले’ झालेले शब्द नेमके तिथेच दडून राहू शकतात.

शिरोरेखा: मग टेसरॅक्टचा मजकूर मॉडेलकडून दुरुस्त करून घ्यावा.

जुळारी: म्हणजे टेसरॅक्टमध्ये टिकलेले अनुस्वारही जातील. त्यापेक्षा दोघांची वाचने स्वतंत्र ठेवावीत आणि जिथे ती जुळत नाहीत, तेवढेच शब्द माणसाने तपासावेत.

शिरोरेखा: दोघांनी एकच अनुस्वार गाळला असेल, तर या तुलनेत तो दिसणार कसा? शिवाय वाकलेल्या पानावर निम्मे शब्द जुळणार नाहीत; त्यापेक्षा पान हातानेच टंकलेले बरे.

पानाड्या: पुस्तकाचे पहिले प्रकरण दोन्हींकडून वाचून घेतो आणि ‘नें’, ‘लें’ यांनी संपणारे शब्द फोटोत मोजून दोघांच्या मजकुरांशी ताडून पाहतो.